ताटातले बारा, साठ आणि अठ्ठावीस

आहारतज्ज्ञाकडून आलेल्या कागदावर हल्ली हमखास तीन आकडे असतात. वीस, पन्नास, तीस. म्हणजे दिवसभराच्या कॅलरींपैकी वीस टक्के प्रथिनांतून, पन्नास टक्के कर्बोदकांतून आणि तीस टक्के तेल-तूप वगैरे स्निग्ध पदार्थांतून याव्यात. जिममधली मुलं यालाच ‘मॅक्रो’ म्हणतात. कागद फ्रिजच्या दारावर लागतो, आणि मग प्रश्न पडतो की समोरच्या ताटात हे वीस-पन्नास-तीस आहे की नाही, ते ओळखायचं कसं?

साधं दुपारचं जेवण घेऊ. तीन फुलके, वाटीभर तुरीची आमटी, बटाट्याची भाजी, थोडा भात आणि वाटीभर दही. या ताटात सगळे मिळून सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, ११४ ग्रॅम कर्बोदकं आणि २४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आहेत. हे आकडे कसे आले ते पुढे सांगतो. बहुतेक जण तिन्हींची बेरीज करतात, १६० ग्रॅम, आणि टक्के काढतात. प्रथिनं १४, कर्बोदकं ७१, स्निग्ध १५. मग वाटतं, तेल तर किती कमी खातो आपण! तीसची मुभा असताना निम्म्यावरच आहोत, वरून तूप घ्यायला हरकत नाही.

हा हिशेब चुकीचा आहे. कागदावरचे टक्के वजनाचे नसून कॅलरींचे आहेत, आणि एक ग्रॅम तेलात एक ग्रॅम कर्बोदकाच्या दुपटीहून जास्त कॅलरी असतात. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने गुणायचं, कर्बोदकांच्या ग्रॅमला ४ ने, स्निग्धांच्या ग्रॅमला ९ ने. मग २२ ग्रॅम प्रथिनांच्या ८८ कॅलरी होतात, ११४ ग्रॅम कर्बोदकांच्या ४५६ आणि २४ ग्रॅम स्निग्धांच्या २१६. एकूण ७६०. आता टक्के काढले तर प्रथिनं १२, कर्बोदकं ६०, स्निग्ध २८. ताट तेच, पण तेलाचा वाटा १५ वरून २८ वर गेला. तुपाची मुभा संपली.

हे ४, ४ आणि ९ आले कुठून, हे माहीत असलं की त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. आतल्या माणसाच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते, हे तिच्यात मोजता येई. एकीकडे अन्न जाळून त्यातली पूर्ण उष्णता मोजायची, दुसरीकडे मल-मूत्रातून किती वाया गेली ते मोजायचं आणि वजाबाकी करायची. एक ग्रॅम प्रथिन पूर्ण जाळलं तर साडेपाच कॅलरींहून थोडी जास्तच उष्णता निघते. पण शरीर प्रथिनं पूर्ण जाळत नाही. त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून जातो, आणि त्याबरोबर ग्रॅममागे सव्वा कॅलरी जाते. थोडं प्रथिन पचतही नाही. हे सगळं वजा केलं की हातात चार उरतात. तेल-तुपाचं तसं नाही, ते जवळजवळ सगळं पचतं आणि सगळं जळतं, म्हणून नऊ.

म्हणजे हे आकडे सरासरीचे आहेत. पदार्थागणिक ते थोडे हलतात, आणि कधीकधी बरेच. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अख्खे बदाम खाणाऱ्या लोकांवर मोजमाप केलं, तेव्हा हिशेबाने १७० कॅलरी निघणाऱ्या मूठभर बदामांतून शरीराला प्रत्यक्षात १२९ च्या आसपासच मिळतात असं दिसलं. नीट न चावल्या गेलेल्या तुकड्यांतलं तेल पेशींत बंदच राहतं आणि तसंच बाहेर पडतं. घरच्या हिशेबात एवढं खोल जायचं कारण नाही. पण ॲपने ‘प्रथिने ११.५८ टक्के’ असं सांगितलं, तर त्यातले ‘.५८’ मनावर घेऊ नयेत.

आता ताटाकडे वळू. हिशेबाचा पहिला नियम असा, की वजन कच्च्या शिध्याचं करायचं. शिजलेल्या अन्नात पाणी किती, हे रोज बदलतं. चाळीस ग्रॅम तांदळाचा भात साधारण ११० ते १२० ग्रॅम भरतो, मोकळा की मऊ त्यावर ठरतं. कुणी ताटातला ११५ ग्रॅम भात तोलला आणि तक्त्यात तांदळाच्या ओळीत लिहिला, तर ३१ ग्रॅम कर्बोदकांच्या जागी ९० येतात आणि सगळा हिशेब कोसळतो. ॲप वापरणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच असावी. ती ओळखणं मात्र सोपं आहे. एका वाटी भाताच्या चारशे कॅलरी दिसल्या की समजावं, भात तांदळाच्या भावाने मोजला गेला.

आमटीचं वजन आणखी फसवं. एका घरची आमटी दाट, दुसऱ्या घरची पातळ, वाटी मात्र तीच. म्हणून सगळ्या भांड्याचा हिशेब करायचा. समजा पाच जणांसाठी १५० ग्रॅम डाळ शिजवली आणि फोडणीला पाच छोटे चमचे तेल घातलं. आमटी तयार झाल्यावर पातेल्यासकट तोलली, रिकाम्या पातेल्याचं वजन वजा केलं, आमटी भरली एक किलो. तुमच्या वाटीत २०० ग्रॅम आली, म्हणजे पाचवा हिस्सा. तर तुमच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ आणि एक चमचा तेल. पाणी कितीही असो, हे उत्तर बदलत नाही. फुलक्यांना तर तोलायचीही गरज नाही. मळण्याआधी कणीक तोलावी आणि फुलके मोजावेत. अडीचशे ग्रॅम कणकेचे दहा फुलके झाले, तर एका फुलक्यात २५ ग्रॅम.

आपल्या ताटात या रीतीने ७५ ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम तूरडाळ, १०० ग्रॅम बटाटा, १०० ग्रॅम गाईच्या दुधाचं दही आणि चार छोटे चमचे तेल निघालं. तेलाचा एक चमचा आमटीचा, दोन भाजीचे, एक फुलक्यांना लावलेला. पाच मिलिलिटरच्या चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास तेल मावतं, म्हणजे चार चमच्यांचं १८ ग्रॅम.

कोणत्या धान्यात काय किती, यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते पाहावेत. २०१७ सालच्या त्यांच्या तक्त्यांत आपल्याकडच्या ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. शंभर ग्रॅम कणकेत साडेदहा ग्रॅम प्रथिनं आणि ६४ ग्रॅम कर्बोदकं, तूरडाळीत पावणेबावीस आणि ५५, तांदळात आठ आणि ७८, असे आकडे तिथे सापडतात. याच संस्थेच्या जुन्या पुस्तकात शंभर ग्रॅम कणकेच्या ३४१ कॅलरी होत्या, नव्यात ३२० आहेत. गहू काही तेवढा बदललेला नाही. पूर्वी न पचणाऱ्या तंतूंचं मोजमाप अपुरं होतं, त्यामुळे बरेचसे तंतू कर्बोदकांतच धरले जात. आता ते वेगळे मोजतात. परदेशी तक्त्यांत आणि बऱ्याच पाकिटांवर आजही ‘एकूण कर्बोदकं’ म्हणजे तंतूंसकट असतात. दोन ॲप एकाच पोळीचे दोन आकडे दाखवतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. आपल्या ताटात १४ ग्रॅम तंतू आहेत. तंतूंना ग्रॅममागे दोन कॅलरी धरण्याची पद्धत आहे, ती धरली तर एकूण २८ कॅलरींची भर पडते आणि टक्के जेमतेम एकाने सरकतात. तेव्हा एकच तक्ता धरावा आणि त्यालाच चिकटून राहावं, म्हणजे झालं.

तर आपलं ताट बारा-साठ-अठ्ठावीस. हवं होतं वीस-पन्नास-तीस. ७६० कॅलरींचं हेच ताट कागदाप्रमाणे असायचं, तर त्यात ३८ ग्रॅम प्रथिनं, ९५ ग्रॅम कर्बोदकं आणि २५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ हवेत. टक्क्यांचं असं ग्रॅममध्ये उलटं रूपांतर केल्याशिवाय काय बदलायचं ते समजत नाही. इथे तेल बरोबर आहे, कर्बोदकं १९ ग्रॅम जास्त आणि प्रथिनं १६ ग्रॅम कमी.

हा फरक खरा आहे की मोजण्यातला? मोजण्यातली सगळ्यात कच्ची बाजू तेलाची. समजा भाजीत एक चमचा तेल जास्त पडलं आणि ते लक्षात आलं नाही. स्निग्धांचा वाटा २८ वरून ३२ वर जातो. म्हणजे घरच्या मोजमापात तीन-चार टक्क्यांची हालचाल असणारच. २८ आणि ३० मधला फरक त्यात बुडून जातो, त्यावर डोकं शिणवू नये. पण बारा आणि वीस यांतला फरक चमच्याच्या चुकीने पडत नाही. तो खरा आहे.

प्रथिनं कमी पडली म्हटल्यावर मराठी घरातलं ठरलेलं उत्तर असतं, ‘डाळ वाढव’. इथे थोडं थांबायला हवं. प्रत्येक पदार्थाचं स्वतःचं एक गुणोत्तर असतं, आणि ताटाचं गुणोत्तर ही त्या सगळ्यांची मिसळ असते. मिसळीतला आकडा तिच्यातल्या सगळ्यात वरच्या घटकापेक्षा वर जाऊ शकत नाही. तांदळाच्या कॅलरींपैकी नऊ टक्के प्रथिनांच्या असतात. ज्वारीच्या बारा. कणकेच्या तेरा-चौदा. तूरडाळीच्या किती? सत्तावीस. म्हणजे दुपारी भात-पोळी सोडून तेल-मिठाशिवाय नुसती शिजवलेली डाळ खाल्ली, तरी प्रथिनांचा वाटा सत्तावीसच्या वर जात नाही. कारण डाळीत प्रथिनांच्या अडीचपट कर्बोदकं आहेत. डाळ हा प्रथिनांचा स्रोत आहेच, पण ती कर्बोदकांचाही मोठा स्रोत आहे.

आता तिला फोडणी देऊ. तीस ग्रॅम डाळीच्या साधारण ९७ कॅलरी. त्यात एक चमचा तेल गेलं की ४० कॅलरींची भर पडते, प्रथिनं मात्र होती तेवढीच. वाटा सत्तावीसवरून एकोणीसवर. दोन चमच्यांची झणझणीत फोडणी दिली तर पंधरावर, म्हणजे जवळपास कणकेच्या पातळीवर. आपल्या स्वयंपाकात प्रथिनांचा टक्का डाळीच्या प्रमाणापेक्षा फोडणीच्या पळीवर ठरतो, आणि पळी कुणी मोजत नाही.

शेंगदाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण कूट आपण भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, आमटीत, सगळीकडे घालतो आणि ‘प्रथिनं आहेत’ म्हणून स्वतःला शाबासकी देतो. शंभर ग्रॅम दाण्यांत २३-२४ ग्रॅम प्रथिनं आहेत, डाळीपेक्षा जास्त. पण चाळीस ग्रॅमच्या आसपास तेलही आहे. कॅलरींच्या भाषेत दाण्यांतला प्रथिनांचा वाटा अठरा टक्के आणि तेलाचा अडुसष्ट. वीस टक्क्यांचं लक्ष्य असलेल्या ताटात अठरा टक्क्यांचा पदार्थ कितीही घातला तरी ताट वीसवर पोचणार नाही. चवीसाठी कूट जरूर घालावं. प्रथिनांच्या खात्यात मांडू नये. अंड्याचं गणित याहून बरं, छत्तीस टक्के प्रथिनं, पण उरलेले जवळपास सगळे स्निग्ध. दोन अंडी घेतली तर १२-१३ ग्रॅम प्रथिनांबरोबर दहा ग्रॅम चरबी येते, म्हणजे ताटातलं दोन चमचे तेल कमी करावं लागतं.

वीसच्या बरंच वर असलेले पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात मोजकेच आहेत. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात कॅलरींचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिनांचा असतो. साय पूर्ण काढलेल्या दुधाच्या दह्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. तेल काढलेल्या सोयाबीनच्या वड्यांमध्ये साठ. शाकाहारी माणसाला वीस टक्के गाठायचे असतील, तर यांपैकी काहीतरी ताटात यावं लागतं, किंवा तेलावर फार कडक हात ठेवावा लागतो. कुणी नुसत्या डाळ-भात-पोळीच्या माणसाला तीस टक्के प्रथिनं लिहून दिली असतील, तर तो कागद अंकगणितानेच अशक्य आहे. त्या माणसाची जिद्द कमी पडते असं नाही.

आपलं ताट शाकाहारी आहे, तेव्हा बटाट्याऐवजी २० ग्रॅम सुक्या सोयावड्यांचा कांदा-टोमॅटो घालून रस्सा करू. तीन फुलक्यांचे दोन करू, भात निम्मा. आमटी, दही तेच. तेल तेवढंच, चार चमचे. पुन्हा बेरीज केली, तर प्रथिनं २८ ग्रॅम, कर्बोदकं ७९, स्निग्ध साडेतेवीस. कॅलरी साधारण ६४०. टक्के निघाले साडेसतरा, एकोणपन्नास आणि तेहतीस.

प्रथिनांचं काम बऱ्यापैकी झालं. पण तेलाकडे पाहा. तेलाचा थेंबही वाढवला नव्हता, उलट एकूण स्निग्ध पदार्थ अर्धा ग्रॅम कमीच झाले. तरी वाटा अठ्ठावीसवरून तेहतीसवर चढला. कारण एकूण कॅलरी ७६० च्या ६४० झाल्या, भागाकारातला खालचा आकडा लहान झाला. तीन टक्क्यांची बेरीज नेहमी शंभरच राहणार, त्यामुळे एकाला हात लावला की उरलेले दोघे हलतात. भात-पोळी कमी केली आणि ॲपने ‘चरबी जास्त’ म्हणून लाल रंग दाखवला, असं बऱ्याच जणांचं होतं आणि ते गोंधळतात. प्रत्यक्षात त्यांनी तेल वाढवलेलं नसतं.

आता एक चमचा तेल कमी करू. चाळीस कॅलरी गेल्या, एकूण ६०० उरल्या. प्रथिनं एकोणीस, कर्बोदकं त्रेपन्न, स्निग्ध अठ्ठावीस. वीस-पन्नास-तीसच्या शेजारी हे ठेवलं, तर तिन्ही आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत आहेत, म्हणजे मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेत. इथे थांबायला हरकत नाही.

पण टक्के जुळले म्हणून सगळं जुळलं असं नाही. प्रथिनांचा वाटा बाराचा एकोणीस झाला, ऐकायला दीडपट वाढ वाटते. ग्रॅममध्ये पाहिलं तर २२ चे २८ झाले, फक्त सहा ग्रॅम. बाकीची वाढ ताट लहान झाल्यामुळे दिसते. ज्याला वजन कमी करायचंय त्याला हे चालेल, कदाचित तेच हवं असेल. पण शेतात राबणाऱ्या माणसाला किंवा वाढत्या वयाच्या मुलाला ६०० कॅलरींचं जेवण पुरणार नाही. त्याच प्रमाणात सगळंच सव्वापट वाढवावं लागेल, तेव्हा प्रथिनंही ३५ ग्रॅमवर पोचतील.

उलट बाजूही पाहावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने बारा टक्के प्रथिनं घेतली तर ती ६० ग्रॅम होतात. बाराशे कॅलरींवर राहणाऱ्याने वीस टक्के घेतली, तरी तेवढीच, ६० ग्रॅम. आपलं आधीचं बारा टक्क्यांचं ताट म्हणजे काही उपासमार नव्हती. कमी खाणाऱ्याला टक्का वर न्यावा लागतो, भरपूर खाणाऱ्याला तेवढा लागत नाही. म्हणून टक्के तपासताना शेजारी ग्रॅमही लिहावेत.

तेल मोजण्याची एक सोपी रीत आहे. बुधलं स्वयंपाकाआधी तोलायचं आणि नंतर तोलायचं. फरक म्हणजे त्या वेळी गेलेलं तेल, त्याला खाणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. तळण असेल तर कढईत उरलेलं तेल थंड झाल्यावर तोलून वजा करायचं. रोज हे करणं कुणाला जमणार नाही, आणि करायची गरजही नाही. महिन्याचा ताळा पुरतो. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला २३ ग्रॅम पडतं, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. रोजच्या हिशेबात तुम्ही माणशी दोन चमचे, म्हणजे नऊ ग्रॅम, लिहीत असाल, तर उरलेले चौदा ग्रॅम कुठेतरी पोटात जात आहेत आणि कागदावर येत नाहीत. बाहेरच्या मिसळीवरची तर्री किंवा लग्नातली पनीरची भाजी यांचा हिशेब मात्र कुणालाच जमत नाही. तिथे ॲपमधला आकडा म्हणजे अंदाज, आणि तो बहुधा कमीच असतो.

राहता राहिला प्रश्न, की वीस-पन्नास-तीसच का? हे गुणोत्तर काही निसर्गाने घालून दिलेलं नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात बॅरी सिअर्स यांनी चाळीस टक्के कर्बोदकं, तीस प्रथिनं, तीस स्निग्ध असं सूत्र लोकप्रिय केलं. आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावरून २०२२ मध्ये एक हिशेब मांडला गेला. मधुमेह मागे हटवण्यासाठी कर्बोदकं ४९ ते ५४, प्रथिनं १९ ते २० आणि स्निग्ध २१ ते २६ टक्क्यांच्या दरम्यान असावीत, असं त्यातून निघालं. हे पाहणीवर आधारलेलं गणित आहे. लोकांना तसं जेवू घालून निकाल पाहिला, अशातला तो प्रयोग नव्हे. तरी आपल्या खाण्याच्या जवळचं असल्यामुळे आहारतज्ज्ञांच्या कागदांवर याच्या आसपासचे आकडे दिसतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवणारं कोणतंही सूत्र स्वतःहून निवडू नये. त्यांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा लागतो.

आणि हे टक्के दिवसाचे आहेत, एका ताटाचे नव्हेत. सकाळचे कांदेपोहे वीस टक्के प्रथिनांपर्यंत कधीच जाणार नाहीत, जायलाही नकोत. दिवसाचा हिशेब करताना जेवणांच्या टक्क्यांची सरासरी काढली की पुन्हा चूक होते. नाश्ता ३०० कॅलरींचा आणि दहा टक्के प्रथिनांचा, जेवण ७०० कॅलरींचं आणि वीस टक्क्यांचं, तर सरासरी पंधरा येते. पण ग्रॅम पाहिले तर नाश्त्यात साडेसात आणि जेवणात पस्तीस, मिळून साडेबेचाळीस ग्रॅम, म्हणजे १७० कॅलरी. हजारातल्या सतरा टक्के. तेव्हा दिवसभर ग्रॅमच लिहीत जावं, आणि ४, ४, ९ चा गुणाकार रात्रीच्या जेवणानंतर एकदाच करावा.